‘वी सजेस्ट यू टू…’ इथे नेमकं काय बिघडतं?

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या पॅकहाऊसमधून परदेशी खरेदीदारांना रोज मेल जायला लागतात. ते लिहिणारी बहुतेक मंडळी मराठी माध्यमात शिकलेली असतात. कामात पक्की, माल कुठे आहे, कंटेनर कधी निघणार हे तोंडपाठ, आणि इंग्रजीही एरवी नीट. नाशिकमध्ये गंगापूर रोडला मी संध्याकाळी इंग्रजी लेखनाचा वर्ग घेतो, तिथे अशाच एका पॅकहाऊसची कागदपत्रं सांभाळणारी एक ताई येते. तिने पाठवायच्या आधी दाखवलेला हा मेल. नावं काढली आहेत आणि लांबीही कमी केली आहे.

“डिअर सर, वी एन्जॉइड टू होस्ट यू ॲट अवर पॅकहाऊस. यू सजेस्टेड अस टू चेंज द बॉक्सेस, सो वी हॅव ऑर्डर्ड न्यू वन्स. वी ऑल्वेज अव्हॉइड टू कट ग्रेप्स इन द आफ्टरनून. वी वॉन्ट दॅट यू सेंड द लेबल डिझाइन बिफोर फ्रायडे. वी सजेस्ट यू टू बुक द कंटेनर अर्ली. वी लुक फॉरवर्ड टू मीट यू अगेन.”

प्रत्येक वाक्यात एक चूक आहे, आणि तरी अर्थ कुठेच अडत नाही. म्हणूनच या चुका वर्षानुवर्षं टिकतात: समोरच्याला कळतं, तो उत्तर देतो, आणि चूक आहे हे सांगायला कोणी थांबत नाही. ती सापडते ती परीक्षेच्या निबंधात, नोकरीच्या अर्जात, किंवा एखादा साहेब मेलवर लाल रेघा मारतो तेव्हा.

सगळ्या चुका एकाच जागी होतात. इंग्रजीत एका क्रियापदामागून दुसरं क्रियापद आणायचं असेल, तर दुसऱ्याला कोणतं रूप द्यायचं हे पहिलं क्रियापद ठरवतं. मुख्य पर्याय दोन. ‘टू रीड’सारखं टू लावलेलं रूप, ज्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात, आणि ‘रीडिंग’सारखं आयएनजी लावलेलं रूप, ज्याला जेरंड म्हणतात. मराठीतही अशी रूपं आहेत: वाचणं, वाचायला, वाचायचं, वाचावं. अडचण अशी की त्यांच्या वाटण्या इंग्रजीशी जुळत नाहीत. ‘मला वाचायला आवडतं’ आणि ‘त्याने मला वाचायला सांगितलं’ या दोन्हींत आपण ‘वाचायला’च म्हणतो, आणि शाळेत कधीतरी ‘वाचायला म्हणजे टू रीड’ असं डोक्यात बसलेलं असतं. मग जिथे जिथे ‘-यला’ ऐकू येतं तिथे तिथे हात आपोआप ‘टू’ लिहितो.

सोप्या दोन चुका आधी निकालात काढू. ‘एन्जॉय’ आणि ‘अव्हॉइड’ यांच्यापुढे टू कधीच येत नाही. वाक्य भूतकाळी असो, भविष्यकाळी असो, नकारार्थी असो, पुढे आयएनजीच. ‘वी एन्जॉइड होस्टिंग यू’. ‘वी अव्हॉइड कटिंग ग्रेप्स इन द आफ्टरनून’. संध्याकाळी द्वारकेच्या चौकातून जायचं टाळणारा नाशिककर ‘आय अव्हॉइड गोइंग थ्रू द्वारका’ म्हणेल. रविवारी मिसळ खायला आवडते तो ‘आय एन्जॉय ईटिंग मिसळ ऑन संडेज’ म्हणेल. इथे ‘लाइक’ फसवतं, कारण ‘लाइक टू ईट’ आणि ‘लाइक ईटिंग’ दोन्ही चालतात. अर्थ जवळचा म्हणून शिकणारा ‘लाइक’चा हक्क ‘एन्जॉय’लाही देऊन टाकतो. इंग्रजी असे हक्क वारशाने देत नाही.

‘एन्जॉय’बाबत आणखी एक गोष्ट जाता जाता. त्याला कर्म लागतंच. ‘मजा आली’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे, पण शिकणाऱ्याने ‘वी एन्जॉइड अ लॉट’ लिहिलं की वाचणारा ‘काय?’ म्हणून थांबतो. ‘वी एन्जॉइड द व्हिजिट’ किंवा ‘वी एन्जॉइड अवरसेल्व्ज’ लिहावं लागतं.

‘अव्हॉइड’ची खोच निराळी आहे. टाळणारा आणि ती क्रिया करू शकणारा माणूस सहसा एकच असावा लागतो. मी जायचं टाळतो, म्हणजे जाणारा मीच. पण पॅकहाऊसमध्ये ‘कामगारांनी मण्यांना हात लावायचा नाही’ हे सांगायचं असतं, कारण मण्यांवरचा पांढरट थर पुसला की माल जुना दिसतो. मग असं वाक्य येतं: ‘वी अव्हॉइड द वर्कर्स टू टच द बेरीज’. इथे टू काढून ‘टचिंग’ केलं तरी भागत नाही, कारण हात लावणारे कामगार आहेत आणि टाळणारे आपण. दुसऱ्याला काही करू द्यायचं नसेल तर क्रियापदच बदलावं लागतं: ‘वी स्टॉप द वर्कर्स फ्रॉम टचिंग द बेरीज’, किंवा सरळ ‘द वर्कर्स अव्हॉइड टचिंग द बेरीज’. घडाला देठाकडून धरतात हे खरेदीदाराला कळवायचं असेल तर दुसरं वाक्य जास्त नेमकं आहे.

आता ‘कोणापुढे टू आणि कोणापुढे आयएनजी’ याला काही तर्क आहे का, हा प्रश्न वर्गात येतोच. थोडा आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी १९६८ मध्ये असं मांडलं की टूवालं रूप अजून न घडलेल्या, मनातल्या शक्यतेकडे झुकतं. आणि आयएनजीवालं रूप घडत असलेल्या, अनुभवाला आलेल्या, वस्तूसारख्या हातात धरता येणाऱ्या गोष्टीकडे झुकतं. ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘प्लॅन’, ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’ यांच्यापुढची क्रिया अजून व्हायची असते, म्हणून टू. ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘ॲडमिट’ यांच्यापुढची क्रिया चालू असते किंवा होऊन गेलेली असते, म्हणून आयएनजी. मिसळ खाल्ल्याशिवाय ती एन्जॉय करता येत नाही, पण भूक लागली की खाण्याआधीच ती वॉन्ट करता येते.

हा तर्क वापरावा, पण त्याच्यावर विसंबून राहू नये. ‘पोस्टपोन’ म्हणजे पुढे ढकलणं. ढकललेली गोष्ट झालेली नसतेच, तरीही ‘पोस्टपोन्ड मीटिंग द बायर’ असं आयएनजीच लागतं. उलट ‘मॅनेज’मध्ये गोष्ट जमून गेलेली असते, तरी ‘मॅनेज्ड टू लोड द कंटेनर’. आणि या तर्काला सगळ्यात मोठा धक्का देणारं क्रियापद म्हणजे ‘सजेस्ट’. सुचवलेली गोष्ट हमखास भविष्यातली असते, म्हणजे तर्काप्रमाणे टू यायला हवा. येत नाही. त्यामुळे तर्क जाणणारा विद्यार्थीही इथे आपटतो, आणि न जाणणाराही.

म्हणून ‘सजेस्ट’ला जास्त जागा देतो, आणि त्याच्याबरोबर ‘वॉन्ट’ला. मेलमध्ये पुन्हा पाहा. ताईने लिहिलं ‘वी सजेस्ट यू टू बुक’ आणि ‘वी वॉन्ट दॅट यू सेंड’. पहिल्यात माणूस आणि टू आहे, दुसऱ्यात दॅट आणि माणूस. इंग्रजीला नेमकं उलट हवं आहे: ‘वी सजेस्ट दॅट यू बुक’ आणि ‘वी वॉन्ट यू टू सेंड’. दोन्ही साचे तिला येत होते. दोघांची अदलाबदल झाली होती.

ही अदलाबदल कुठून येते ते मराठीत पाहिलं की लगेच दिसतं. सुचवणं आपण दोन तऱ्हांनी सांगतो. ‘मी त्याला थांबायला सुचवलं’ आणि ‘त्याने थांबावं असं मी सुचवलं’. बोलताना दोन्ही चालतात. पहिल्यात ‘त्याला’ आहे, म्हणजे माणूस कर्माच्या जागी बसला आणि पुढे ‘थांबायला’ आलं. दुसऱ्यात ‘त्याने’ आहे, म्हणजे माणूस छोट्या वाक्याचा कर्ता झाला आणि ‘थांबावं’ असं विध्यर्थी रूप आलं. इंग्रजी ‘सजेस्ट’ला फक्त दुसरी तऱ्हा मान्य आहे. ‘त्याला थांबायला’ या साच्यातून आलेलं ‘सजेस्टेड हिम टू वेट’ तिथे बसत नाही. ‘त्याने थांबावं असं’ या साच्यातून आलेलं ‘सजेस्टेड दॅट ही वेट’ बरोबर बसतं.

ताईने लगेच विचारलं, “सर, रिक्वेस्ट यू टू चालतं, ॲडव्हाइज यू टू चालतं, टेल यू टू चालतं. मग एकट्या सजेस्टनेच काय घोडं मारलंय?”

घोडं एकट्याने मारलेलं नाही, सोबती आहेत. इंग्रजीत सांगण्या-बोलण्याच्या क्रियापदांचे दोन गट पडतात. ‘टेल’, ‘आस्क’, ‘ॲडव्हाइज’, ‘रिक्वेस्ट’, ‘रिमाइंड’ ही माणसाला थेट हात घालतात: टेल मी, आस्क हिम, रिमाइंड हर. ‘से’, ‘एक्स्प्लेन’, ‘मेन्शन’, ‘प्रपोज’ आणि ‘सजेस्ट’ यांचं थेट कर्म म्हणजे बोललेली गोष्ट. माणूस आणायचाच असेल तर आधी टू लावावा लागतो: एक्स्प्लेन इट टू मी, सजेस्टेड इट टू देम. म्हणूनच ‘एक्स्प्लेन मी धिस’ आणि ‘सजेस्ट मी अ गुड हॉटेल’ या दोन चुका सख्ख्या बहिणी आहेत. मराठीत ‘मला सांग’, ‘मला समजाव’, ‘मला सुचव’ या तिन्हींत ‘मला’ सारखाच बसतो, त्यामुळे हे दोन गट आपल्याला ऐकून जाणवत नाहीत. भारतात ‘सजेस्ट मी’ इतकं बोललं जातं की आपसात कोणाला खटकतही नाही. पण परदेशी वाचकासाठी किंवा परीक्षेसाठी लिहिताना ते टाळलेलं बरं.

यातून एक खूण हाती लागते. ‘ॲडव्हाइज’ला माणूस थेट कर्म म्हणून घेता येतो, म्हणून ‘यू आर ॲडव्हाइज्ड टू कम अर्ली’ हे कर्मणी वाक्यही बनतं. ‘सजेस्ट’ला तो घेता येत नाही, म्हणून ‘स्टुडंट्स आर सजेस्टेड टू कम अर्ली’ हे बनत नाही. हे वाक्य मी नोटीस बोर्डांवर इतक्यांदा वाचलं आहे की काही वेळा मलाच ते बरोबर वाटायला लागतं. नोटिशीत ‘आर ॲडव्हाइज्ड टू’ किंवा ‘आर रिक्वेस्टेड टू’ लिहिलं की काम होतं. ‘सजेस्ट’च ठेवायचा हट्ट असेल तर ‘इट इज सजेस्टेड दॅट स्टुडंट्स कम अर्ली’, पण ते थोडं सरकारी वाटतं.

दुरुस्ती मात्र अगदी छोटी आहे. ‘वी सजेस्ट यू टू बुक द कंटेनर अर्ली’ यातला फक्त ‘टू’ खोडा. उरलं ‘वी सजेस्ट यू बुक द कंटेनर अर्ली’. हे शंभर टक्के बरोबर इंग्रजी आहे. ‘दॅट’ बोलण्यात आणि साध्या लेखनात गाळता येतो, आणि ‘यू’ कर्ता असो की कर्म, दिसायला सारखाच असतो, म्हणून एवढ्यावर भागतं. दुसरं वाक्य ‘यू सजेस्टेड अस टू चेंज द बॉक्सेस’. इथे टू खोडून थांबता येत नाही, कारण ‘अस’ हे कर्माचं रूप आहे. आम्हाला नव्हे, आम्ही: ‘यू सजेस्टेड वी चेंज द बॉक्सेस’. तसंच ‘हिम’चा ‘ही’ होतो, ‘देम’चा ‘दे’ होतो. टू जातो आणि माणूस कर्ता होतो, एवढीच ती शस्त्रक्रिया.

त्या छोट्या वाक्यातलं क्रियापद साधं, मूळ रूपात राहतं. ‘आय सजेस्ट दॅट ही वेट’ यात ‘वेट्स’ होत नाही, आणि ‘आय सजेस्टेड दॅट ही वेट’ यात ‘वेटेड’ही होत नाही. ‘ही’पुढे एस नाही हे पाहून विद्यार्थी अस्वस्थ होतात, आपलं आपण दुरुस्त करून ‘वेट्स’ लिहितात. त्यांना मी मराठी ‘थांबावं’ची आठवण देतो. ‘त्याने थांबावं असं मी सुचवतो’ आणि ‘त्याने थांबावं असं मी सुचवलं’ यांत काळ बदलला तरी ‘थांबावं’ हललं का? नाही. विध्यर्थाला काळाशी देणंघेणं नसतं. इंग्रजीतलं हे मूळ रूप तेच काम करतं. ‘खोकी कोरड्या जागी ठेवली जावीत’ याचं ‘वी सजेस्टेड दॅट द बॉक्सेस बी केप्ट इन अ ड्राय प्लेस’ होतं, आणि तो विचित्र वाटणारा ‘बी’ म्हणजे ‘जावीत’ आहे. ब्रिटिश लेखनात इथे ‘शुड’ घालण्याची पद्धतही मोठी आहे: ‘दॅट ही शुड वेट’, ‘दॅट द बॉक्सेस शुड बी केप्ट’. ज्यांना उघडंबोडकं ‘ही वेट’ लिहायचं धाडस होत नाही त्यांनी खुशाल ‘शुड’ वापरावा.

पण ‘सजेस्ट दॅट’ दिसलं की डोळे मिटून मूळ रूप लिहायचं असंही नाही. एकदा खरेदीदाराने पेटीतल्या मण्यांचे फोटो पाठवले आणि ताईला उत्तर लिहायचं होतं: तुमच्या फोटोंवरून घड ओले होते असं दिसतं. तिने नुकतंच शिकलेलं लावलं, ‘युअर फोटोज सजेस्ट दॅट द बंचेस बी वेट’. वाचणाऱ्याला वाटेल, फोटो म्हणताहेत घड ओले असावेत, ओले ठेवा! इथे ‘सजेस्ट’ सल्ला देत नाही, पुराव्यावरून निष्कर्ष सांगतो. मग काळ नेहमीसारखा: ‘सजेस्ट दॅट द बंचेस वर वेट’. मराठीत वाक्य म्हणून पाहिलं की फरक कळतो. ‘-वं, -वा, -वीत’ येत असेल तर सल्ला, म्हणून मूळ रूप. ‘होतं, आहे, झालं’ येत असेल तर निष्कर्ष, म्हणून साधा काळ. तेवढं ‘असावेत’ या शब्दाशी जपून, कारण तो अंदाजासाठीही येतो.

‘सजेस्ट’चा दुसरा बरोबर साचा म्हणजे आयएनजी. ‘वी सजेस्ट बुकिंग द कंटेनर अर्ली’. सुटसुटीत आहे, व्याकरणाची पुस्तकं आधी हाच देतात, आणि घाईत मीही हाच सांगतो. पण मेल लिहिणाऱ्याने त्याची एक गंमत ओळखून असावं: त्यात कर्ता नसतो. बुक कोण करणार? आम्ही, तुम्ही, की दोघं मिळून? मराठीतल्या ‘कंटेनर लवकर बुक करायचं सुचवतो’सारखंच ते मोघम आहे. ‘आय सजेस्ट गोइंग टू रामकुंड अर्ली इन द मॉर्निंग’ म्हणणारा बरोबर येणार आहे की नुसता सल्ला देतोय, हे वाक्य सांगत नाही. फिरायला जायचं असेल तर बिघडत नाही. व्यवहारात बिघडू शकतं. समजा, ताईने ‘वी सजेस्ट चेंजिंग द लेबल’ लिहिलं. तिच्या मनात होतं, तुम्ही डिझाइन बदलून पाठवा. खरेदीदाराने वाचलं, हे बदलून घेताहेत. दोघं एकमेकांची वाट पाहणार, आणि प्री-कूलिंग होऊन पेट्या शीतगृहात लेबलाशिवाय उभ्या राहणार. व्याकरणात वाक्य निर्दोष आहे, म्हणून कोणी तपासणाराही ते पकडणार नाही. जिथे काम कोणी करायचं हे महत्त्वाचं आहे तिथे ‘दॅट’चा साचा घ्यावा आणि कर्ता लिहावा: ‘वी सजेस्ट दॅट युअर डिझायनर चेंज द लेबल’. जिथे सर्वसाधारण सल्ला आहे तिथे आयएनजी पुरे.

आता ‘वॉन्ट’. ‘तुम्ही शुक्रवारच्या आधी डिझाइन पाठवावं असं आम्हाला वाटतं’ हे मराठी मनात घेऊन ताई बसली आणि तिने ‘वी वॉन्ट दॅट यू सेंड’ लिहिलं. म्हणजे ‘सजेस्ट’ला जो विध्यर्थाचा साचा लावायला हवा होता तो तिने इथे लावला. ‘वॉन्ट’ला ‘दॅट’ नको असतो. त्याला माणूस कर्म म्हणून हवा आणि मग टू: ‘वी वॉन्ट यू टू सेंड द डिझाइन’. ‘ही’ असेल तर ‘हिम’ होईल, ‘वी वॉन्ट हिम टू सेंड’. पाहा, ‘सजेस्ट’मध्ये जे खोडलं तेच इथे घालायचं, आणि तिथे कर्ता केलेला माणूस इथे कर्म करायचा. स्वतःच करायचं असेल तर माणसाची गरजच नाही: ‘वी वॉन्ट टू शिप ऑन मंडे’.

मराठी इथे मदतीला येत नाही हे कबूल करावं लागतं. ‘सजेस्ट’साठी आपल्याकडे दोन तऱ्हा होत्या, त्यातली एक इंग्रजीशी जुळली. ‘वॉन्ट’साठी ‘मला तुम्हाला पाठवायला हवंय’ असं काही कोणी म्हणत नाही. म्हटलं तर अर्थच उलटा होतो, मी तुम्हाला काहीतरी पाठवणार असा. म्हणून ‘वॉन्ट यू टू’ हा तुकडा एक शब्द समजून तोंडात बसवावा, भाषांतर करायला जाऊ नये. ‘एक्स्पेक्ट यू टू’ आणि ‘नीड यू टू’ त्याच चालीचे आहेत.

आणि बरोबर असलं तरी खरेदीदाराला ‘वी वॉन्ट यू टू सेंड’ लिहू नये, ते हुकूम सोडल्यासारखं वाटतं. ‘वी वुड लाइक यू टू सेंड’ त्याच साच्यातलं मवाळ रूप आहे. माझं मत विचाराल तर ‘कुड यू प्लीज सेंड’ सगळ्यात बरं. ‘हवंय’ हे क्रियापद व्यवहाराच्या मेलमध्ये शक्यतो आणूच नये.

शेवटचं वाक्य ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’. इथे ‘टू’ दिसतो, म्हणून पुढे मूळ क्रियापद लिहिण्याचा मोह होतो. पण हा टू इन्फिनिटिव्हचा नाही, तो ‘कडे’ अर्थाचा शब्दयोगी अव्यय आहे. ओळखायचं कसं? टूपुढे नुसतं नाम ठेवून पाहायचं. ‘लुक फॉरवर्ड टू युअर व्हिजिट’ चालतं, म्हणजे टूपुढे नामाची जागा आहे, आणि त्या जागी क्रियापद आणायचं तर आयएनजी करून: ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’. ‘वॉन्ट टू युअर व्हिजिट’ चालत नाही, म्हणजे तिथला टू क्रियापदाचाच. ‘यूज्ड टू’ म्हणजे सवय असणं आणि ‘ऑब्जेक्ट टू’ म्हणजे हरकत घेणं, यांनाही हीच परीक्षा लावता येते.

‘सजेस्ट’चा शेजारी ‘रेकमेंड’ याच्याबद्दल वर्गात वाद होतो. ‘रेकमेंड बुकिंग’ आणि ‘रेकमेंड दॅट यू बुक’ हे कुठेही चालतं. ‘रेकमेंड यू टू बुक’ मात्र ब्रिटिश वापरात सापडतं, काही शब्दकोश ते देतातही. एखाद्याने ते लिहिलं तर मी खोडत नाही, पण लिहा असंही सांगत नाही, कारण त्याच्या बोटाने धरून ‘सजेस्ट यू टू’ पुन्हा घरात येतं.

आपल्या लेखनात या चुका शोधायला सगळा मेल वाचत बसायची गरज नाही. वाचताना डोळा अर्थाकडे जातो आणि चुका निसटतात. त्याऐवजी Ctrl+F दाबून `suggest` टाकायचं आणि प्रत्येक ठिकाणी पुढचे तीनच शब्द पाहायचे. तिथे आधी माणूस आणि मग टू असेल तर टू खोडायचा आणि माणूस कर्त्याच्या रूपात आणायचा. आयएनजी असेल तर ‘हे करणार कोण’ असं विचारून पाहायचं. मग `want` शोधायचं आणि लगेच पुढे दॅट असेल तर तो काढून माणूस आणि टू लावायचा. `avoid` आणि `enjoy` पुढे टू दिसला की सरळ आयएनजी. सुचवलं, सुचवतो, सुचवत आहे, सगळी रूपं `suggest` मध्येच येतात, म्हणून शब्द अर्धवट टाकला तरी काही सुटत नाही.

ताईचा मेल शेवटी असा गेला: “डिअर सर, वी एन्जॉइड होस्टिंग यू ॲट अवर पॅकहाऊस. यू सजेस्टेड दॅट वी चेंज द बॉक्सेस, सो वी हॅव ऑर्डर्ड न्यू वन्स. वी ऑल्वेज अव्हॉइड कटिंग ग्रेप्स इन द आफ्टरनून. कुड यू प्लीज सेंड द लेबल डिझाइन बिफोर फ्रायडे? वी सजेस्ट दॅट युअर एजंट बुक द कंटेनर अर्ली. वी लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू अगेन.” कंटेनरच्या वाक्यात ‘यू’च्या जागी ‘युअर एजंट’ तिने स्वतःहून घातलं. खरेदीदार न्हावा शेव्याच्या एजंटामार्फत बुकिंग करतो हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. ‘बुक’ला एस लावायचा का, हे तिने दोनदा विचारलं आणि मग लावला नाही.